आयांच्या नावाचे डबे

शेखरचं कंबरडं वर्कशॉपात पत्र्याच्या बंडलाखाली मोडलं. माणूस कंत्राटी. ठेकेदाराने दवाखान्याचं बिल भरलं, हात जोडले आणि फोन बंद केला. त्या दिवसापासून सगळ्या महाळुंगे गावाला त्याच्या बायकोच्या, विजयश्रीच्या संसाराची काळजी लागली. काळजीला पैसे पडत नाहीत ना! शेजारची तानुबाई म्हणाली, पार्लर टाक. तिच्या भाचीला जुन्या खुर्च्या खपवायच्या होत्या. चुलतदीर म्हणाला, मसाल्याचं मशीन घे. कमिशन त्याच्या साडूचं होतं.

विजयश्री बीडकडची. इथे तिला ओळखणार कोण? सासू सोजराबाई, दोन पोरं आणि पोरांच्या शाळेतला शिपाई. घरात होती तेवढ्या शिलकीतून तिने आधी पोरांची फी आणि नवऱ्याचं औषध बाजूला काढलं. "धंदा बुडाला तरी पोरं वर्गातनं उठायला नकोत," एवढंच म्हणाली.

घरामागे भाड्याच्या खोल्या होत्या. लातूर-परभणीची पोरं तिथे दाटीवाटीने राहत, कंपनीत जात आणि रंगरावच्या खानावळीतल्या रबरी चपात्या कुत्र्यांना घालत. कुत्रीही वास घेऊन निघून जात. विजयश्रीने त्यातल्या पाचजणांना हाक मारली.

"ज्वारीची भाकरी, डाळ, ठेचा. आठवड्याचे पैसे आधी द्यायचे. खाडा असला तर सकाळीच सांगायचं, तेवढे कापून देईन. आणि डबा ज्याचा त्याने आणायचा, मी भांडी विकत घेणार नाही."

"पाच डब्यांत कुणाचं प्वाट भरतंय गं?" सोजराबाईने नाक मुरडलं.

"पाच जमले तर कळेल आत्या, पंधरा जमतात का."

पंधरा जमले, मग वीस. आगाऊ पैशांतच पीठ यायचं, शिलकीला हात लागायचा नाही. खाण्याच्या धंद्याला लागते ती नोंदणीही शाळेच्या शिपायाने मोबाइलवरून करून दिली. रंगराव खाड्याचे पैसे कधी परत करत नसे, त्यामुळे त्याच्याकडे जेवणारी पोरं दिवसेंदिवस गळू लागली. त्याने आधी डबे बंद करायचा निरोप धाडला, मग दारावर दगड मारले.

शेवटी एका दुपारी, दुसऱ्या पाळीची पोरं डबे न्यायला यायच्या जरा आधी, तो स्वतःच आला. हातात लोखंडी गज, मागे दोन पहिलवान.

"बाहेरच्या बाईने आमच्या गावात खानावळ घालायची व्हय?"

लाथेसरशी दार बिजागरीतून निखळलं. डाळीचं पातेलं उलटून गरम डाळ विजयश्रीच्या पावलांवर सांडली. ती किंचाळत गजाला लोंबकळली, तसं त्याने तिला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं. आतल्या खोलीत शेखर कॉटवरून ओरडत होता. उठता येत नव्हतं म्हणून हाताला लागेल ते फेकत होता. सोजराबाईने ठेच्याची वाटी उचलून एका पहिलवानाच्या डोळ्यांत रिकामी केली. तो बैलासारखा हंबरत बाहेर पळाला.

"भांडीच न्हाई ऱ्हायली तर धंदा कशात करशील?" म्हणत रंगरावने ओळीने मांडलेल्या डब्यांवर गज चालवला. एक चेपला, दुसरा फुटला, तिसऱ्यावर तर तो उभाच राहिला.

तेवढ्यात पोरं दारात आली.

आता गावाकडचा डबा म्हणजे काय, हे रंगरावला सांगायला हवं होतं का? त्याच्या घरातल्या तांब्या-पेल्यांवरही नावं घातलेली असणार. पण रागात माणूस नाव वाचत नाही. परभणीच्या पोराने पायाशी आलेला चेपलेला डबा उचलला. त्यावर कोरलेलं होतं : कौसाबाई.

"माझ्या मायचं नाव हाय त्याच्यावर," तो हळूच म्हणाला आणि तोच डबा त्याने रंगरावच्या तोंडावर हाणला.

दोन दात अंगणात पडले. दुसरा पहिलवान कुंपणावरून उडी टाकून गेला, तो थेट चाकणच्या रस्त्याला लागला म्हणे. पोरांनी रंगरावला मातीत लोळवलं. लाथा, बुक्क्या, कुणाचा पट्टा. एकाने त्याचाच गज उचलला आणि डोक्यावर नेम धरला. रंगरावच्या नाकातोंडातून रक्त येत होतं, हात वर करायचीही ताकद उरली नव्हती.

विजयश्री भाजल्या पायांनी लंगडत मधे घुसली आणि तिने गज दोन्ही हातांनी धरला. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं.

"सोड म्हणते ना! हा मेला तर तुम्ही सगळे आत जाल. मग मी डबे कुणाला देऊ, येरवड्याच्या जेलरला? माझ्या पोरांची फी तो भरणार आहे का?"

मग पोराने गज खाली टाकला.

पोलीस आले, रंगरावला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पंचनामा झाला, जबाब घेतले. जमादाराने विचारलं, "बाई, काय गमावलं?"

"आजच्या वीस डब्यांच्या भाकऱ्या," विजयश्री म्हणाली. मग कपाळाला फडकं बांधून तिने परात पुढे ओढली. "आत्या, पीठ काढा. पाळीला उशीर झालाच, पोरं उपाशी तरी नको जायला."

आणि तीच पोरं निमूटपणे निखळलेलं दार उचलून जागेवर बसवू लागली.