हनुवटीवरचे तीन टिपके

मानोऱ्यात थंडी अशी, की सकाळी बसस्टँडावरची कुत्री हॉटेलच्या भट्टीजवळून हलायला तयार नव्हती. शालिग्रामनं फोटो स्टुडिओचं शटर वर ढकललं, काउंटरवरची धूळ झटकली आणि कालचे पासपोर्ट फोटो कात्रीनं कापायला बसला. माणसांबद्दल त्याचं मत पक्कं होतं. जिवंतपणी कोणी कोणाकडे धड पाहत नाही, मेल्यावर मात्र हातभर फ्रेम पाहिजे.

तशीच गिऱ्हाइकं आली. तांड्यावरचा म्हातारा देवला आणि त्याचा पोरगा बबलू, मायच्या मातीसाठी ऊसतोडीवरून परतलेला. बबलूनं मायचं, रुखमाबाईचं, जुनं मतदार ओळखपत्र काउंटरवर टाकलं.

"उद्या तेरवी हाय. फोटो मोठा करा. अन् मायले जरा गोरी करा."

"मोबाईलमंधी नाही का एखादा?"

बबलूनं बोट फिरवलं. गाडीवर बबलू, ट्रॅक्टरवर बबलू, काळ्या चष्म्यात बबलू.

"वा रे पठ्ठ्या! मायपेक्षा सायलेन्सरचे फोटो जास्त!"

बबलू खाली मान घालून कार्डाचं प्लास्टिक नखानं सोलू लागला.

"अबे थांब! प्लास्टिकसंगं मायचं तोंड निघून येईन!"

स्कॅनरवर प्लास्टिक नुसतं चमकत होतं. म्हणून शालिग्रामनं कार्ड दाराच्या सावलीत नेलं, चमक सरकेपर्यंत तिरपं केलं आणि कॅमेऱ्यानं टिपलं. नखाएवढं तोंड कॉम्प्युटरवर ताणलं, तर डोळ्यांचे झाले डाग. वर बुडबुडे, ओरखडे, छपाईचे ठिपके. त्यानं सगळं घासून काढलं. प्रोग्रामनं आपल्याच मनानं पापण्या घातल्या, त्यानं रंग उजळला. खाली तयार हिरवी साडी जोडली, प्रिंट काढली.

"फस्क्लास!" बबलू म्हणाला.

देवला बराच वेळ पाहत राहिला. "भाऊ, हे बाई कोण हाय?"

"तुमचीच, बुवा."

"नोहे. माह्या बायकोच्या हनुवटीवर गोंदलेले तीन टिपके होते."

"बा, चांगली तं दिसून राह्यली!"

"मंग उद्या निवद कोनापुढं ठेवतं? ह्या परक्या बाईपुढं?"

शालिग्रामनं मूळ फोटो पुन्हा उघडला. हनुवटीवर तीन टिपके होते, नीट त्रिकोणात. छपाईचा मळ समजून त्यानंच पुसले होते. लोकं पाहत नाहीत म्हणून जगाला शिव्या देणारा हा शहाणा! स्वतःवरच थुंकावंसं वाटलं त्याला.

त्यानं उसन्या पापण्या काढल्या, गोरेपणा काढला, फक्त ओरखडे भरले. तोंड धूसर राहिलं, टिपके राहिले.

देवलानं नव्या प्रिंटवर अंगठा ठेवला. "हां. आता रागावलेली दिसते."

"काळी दिसते," बबलू पुटपुटला.

"मंग तुयाच लाव, चष्म्यातला!" म्हातारा कडाडला.

शालिग्रामनं प्रिंट फ्रेममध्ये बसवून दिली आणि दोघं ती पोत्यात गुंडाळून गेले. शालिग्रामनं कात्री उचलली. पहिल्याच पासपोर्ट फोटोतल्या माणसाच्या गालावर एक काळा डाग होता. त्यानं फोटो उजेडात धरला, निरखला, तीळच आहे याची खात्री केली आणि मग कडा कापली.