कवडूची फरसबंदी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा चिमण्यांच्या आधी कागद उभे राहत. पाहुण्यांसाठी बांधायच्या बंगल्याचं चित्र नकाशाघरात महिनाभर चाललं होतं: भिंती, पोर्च, झाडं सगळं आमच्या श्यामरावाचं. श्यामराव मुख्य ड्राफ्ट्समन. केसांना इतकं तेल लावायचा की ट्रेसिंग कापडाला डाग पडेल म्हणून आम्ही त्याला लांबूनच राम राम करायचो.

पण बंगला जमिनीवर टेकवायचा कवडू. हा तुमसरकडचा, बापाबरोबर फरश्या बसवून आलेला. हुद्दा ट्रेसरचा, म्हणजे दुसऱ्याच्या पेन्सिलीवर कापड अंथरून शाईने उतरवायचं. ड्राफ्ट्समन व्हायला एकच गोष्ट हवी होती, ‘रेखाटन’ लिहिलेल्या चौकटीत स्वतःचं नाव असलेला एक कागद. या चित्राच्या जमिनीचं काम श्यामरावाने त्यालाच दिलं.

“जमीन तुही, नावपण तुहं टाकतो, लेका. आपल्या गावाकडचा माणूस वर गेला पाहिजे.”

“दादा, तुमी म्हनता म्हनजे झालंच.”

कवडूने जीव ओतला. दोन फूट चौरस फरश्या. लांबीचे जोड क्षितिजावरच्या एका ठिपक्याला मिळणारे, आडवे जोड दूर जाताना एकमेकांच्या जवळ येणारे. ते अंदाजाने नव्हे. पहिल्या फरशीची कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी रेघ क्षितिजापर्यंत न्यायची. वाटेत ती लांबीच्या जोडांना जिथं जिथं कापते, तिथं तिथं आडवा जोड. काठाचे दगड तीन फुटांचे, म्हणून तीन फरश्यांमागे काठाचे बरोब्बर दोन दगड. काठाबाहेरची खडी, तीही जवळ एकेक दगड सावलीसकट, मधे बारीक ठिपके, शेवटी नुसता करड्या रंगाचा हात. लोक चित्रापुढे उभे राहून आत पाऊल टाकायला पाय उचलत.

मंगळवारी चित्र भिंतीवर लागलं. चौकटीत नाव श्यामरावाचं. कवडूचं नाव खाली, ‘ट्रेसर’ समोर.

“दादा, हे?”

“अरे, बडे साहेब नवीन नाव पाहून बिचकतात. पुढच्या कागदावर टाकतो ना! कावून तोंड पाडून राहिला?”

नकाशाघरात एकाएकी सगळ्यांना आपापल्या पेन्सिलीला टोक काढायचं आठवलं. मलाही.

बडे साहेब चित्र पाहून खूश झाले. म्हणाले, फरसबंदी बंगल्याच्या बाजूने मागच्या गॅरेजपर्यंत न्या, तीस फूट आणखी. श्यामरावाने ही जमीन ऐटीत स्वतःच काढली. पंधरा फरश्या, कागदावरच्या जागेचे डिव्हायडरने पंधरा सारखे भाग. मग कागद कवडूपुढे टाकला, “शाई मार.”

कवडूने पाहिलं. समोरचे जोड नीट आकसत गेलेले, आणि मागे सगळे एकसारखे. फरश्या दूर जाताना लांबट होत होत्या, वाट भिंतीवर चढवलेल्या शिडीसारखी दिसत होती. त्याने कापड अंथरलं आणि रेघेवर रेघ उतरवली.

शनिवारी साहेब नव्या चित्रापुढे थांबले. “ये रास्ता चढ क्यों रहा है?”

श्यामराव वळला. “ट्रेसरने बिगाडा, साहब. गांव का आदमी है.”

साहेबांनी पेन्सिलीचा कागद मागवला, कापड त्यावर ठेवलं. एक केस इकडचा तिकडे नव्हता.

“तुझे दिखा था कि गलत है?” साहेबांनी कवडूला विचारलं.

“हो, साहेब.”

“बोला क्यों नहीं?”

“मी ट्रेसर हाओ. खाली हाये तेच उतरवतो.”

साहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी पुढच्या फरसबंदीवर बोट ठेवलं. “और ये किसने बनाया?”

कवडूने श्यामरावाकडे पाहिलं. खरं सांगायला अजून वेळ होता. आम्हीही पाहिलं, आणि पुन्हा आपापल्या पेन्सिलीला टोक काढू लागलो.

“मीच, साहेब,” श्यामराव म्हणाला. “मागचं जरा घाईत झालं.”

“ठीक करो.” साहेब गेले. महिनाभरात ड्राफ्ट्समनच्या रिकाम्या जागेवर बाहेरचा माणूस आला. चूक दिसूनही गप्प बसणारा ट्रेसर वर घ्यायचा नाही, असं साहेबांचं म्हणणं, हे शिपायाने आम्हाला चहाबरोबर सांगितलं.

पण त्या शनिवारीच श्यामराव कवडूच्या टेबलाशी आला, आवाजात साखर घेऊन. “कवडू, मागचं तेवढं करून दे ना, लेका.”

“देतो, श्यामरावसाहेब.”

कवडूने मागची वाट खोडली. त्याच्याच्यानं वाईट जमीन कागदावर राहू देववेना. पंधराही जोड जिथल्या तिथं बसले, गॅरेज एकदम मागे सरकलं. श्यामराव खांद्यावरून मान वाकवून पाहत होता, तेलाचा वास कवडूच्या मानेवर. यापूर्वी कवडू आपल्या तिरक्या रेघा फिक्या पेन्सिलीत ठेवून द्यायचा, जोड कसे काढले ते पाहणाऱ्याला कळावं म्हणून. या वेळी त्याने खोडरबर घेतलं आणि आधी मागच्या, मग पुढच्याही सगळ्या पुसून टाकल्या.

“ते कशाला पुसून राहिला?” श्यामरावाने विचारलं.

“कागद साफ दिसला पाहिजे, साहेब,” कवडू म्हणाला, आणि फुंकर मारून रबराचा चुरा उडवला.