पाच जणींची सकाळ

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात, एका कपड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं सेंटर होतं. घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं नेणाऱ्या पेशंटांचे फोन तिथं यायचे. नळी कुठं जोडायची, लाल दिवा का लागला, मशीन ओरडतंय ते बंद कसं करायचं, असले फोन. कंपनी मुंबईची. पण अर्धे फोन कोकणातून आणि गोव्यातून येतात, आणि घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत बोलतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ते काम आमच्या गावापर्यंत पोचलं. संध्याकाळी सातनंतरचे फोन दुसऱ्या शहरात जायचे, दिवसाचे आमच्याकडे.

मी फोन घेत नसे. कोणत्या वेळी किती जणींनी फोनवर बसायचं, ते ठरवणं माझं काम. हे मी पुण्यात शिकले होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना उचलायला आईला दुसरं माणूस हवं होतं, म्हणून मी घरी परतले. आणि नेमकं त्याच वर्षी आमच्या कट्ट्यात माझ्या कामाची नोकरी निघाली. याला दैव म्हणावं असं तेव्हा वाटलं होतं.

ते गणित कुणालाही समजेल असं आहे. सकाळची वेळ सगळ्यात वाईट. रात्र कशीबशी काढलेले लोक उजाडलं की फोन लावतात. तासाला चाळीस फोन. प्रत्येक फोन म्हणजे एक तिकीट, आणि एक तिकीट बंद व्हायला, बोलणं आणि नोंद धरून, सरासरी सहा मिनिटं. चाळीस सक दोनशे चाळीस. म्हणजे तासाभरात चार तासांचं काम येतं. चार जणी पुरतील असं वाटतं, आणि इथंच सगळे फसतात. फोन काही दीड-दीड मिनिटाच्या अंतरानं शिस्तीत येत नाहीत. दहा एकदम येतात, मग जरा शांतता. चारच जणी असतील तर त्या शांततेत वाया गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत आणि रांग वाढतच जाते. पाच बसवल्या तरी निम्म्याहून जास्त लोकांना थांबावं लागतं, सरासरी तीन मिनिटांच्या वर. सहाव्या बाईनं चित्र एकदम बदलतं. पाचातले चार फोन जेमतेम मिनिटाच्या आत उचलले जातात. आमचं करारातलं उद्दिष्ट तेच होतं.

सहा जणी खुर्चीत हव्यात तर पगारावर नऊ हव्यात. कुणाची रजा असते, कुणाचं मूल आजारी, कुणी जेवायला उठते. मी नऊ मागितल्या, नऊ मिळाल्या. दोन वर्षं सगळं बरं चाललं.

त्या नऊ जणींत एक होत्या टीचर. पूर्वी गोव्यात शाळेत शिकवायच्या, नवरा गेल्यावर माहेरी मालवणला आल्या. सगळ्याजणी त्यांना टीचरच म्हणायच्या. त्यांचे फोन लांबायचे. आठ मिनिटं, नऊ मिनिटं. मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "गो, त्या माणसाक आधी श्वास घेवक देवक होयो. तो घाबरलेलो असता. माझा आयकता खंय तो?" त्यांच्याशी बोललेला माणूस त्याच तक्रारीसाठी पुन्हा फोन करत नसे. ही गोष्ट सरासरीत दिसत नाही.

मग मुंबईच्या कंपनीशी करार नव्यानं करायची वेळ आली. पुण्याहून साहेब आले. हेच ते, ज्यांनी मला हे सगळं गणित शिकवलं होतं, पांढऱ्या फळ्यावर, दोन दुपारी खर्च करून. मला त्यांच्याबद्दल आदर होता, अजूनही पूर्ण गेलेला नाही.

"पगारावर सहा ठेवायच्या," ते म्हणाले. "तीन कमी."

"सर, म्हणजे सकाळी खुर्चीत पाच. एखादी रजेवर गेली की चार."

"दिवसाची सरासरी काढ. तासाला पंचवीस फोन. अडीच माणसांचं काम आहे. मुंबईवाल्यांनी वर हेच दाखवलंय."

"पण दिवसाची सरासरी धरून सकाळ भागते का? तुम्हीच सांगितलं होतंत, सगळ्यात वाईट तास धरायचा."

 ते म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे. मी तेच त्यांना दिलं होतं. त्यांनी विचारलं, थांबावं लागलं तर काय होईल? मी म्हटलं, लोक थांबतील. ते म्हणाले, मग थांबू देत."

 चूक दाखवली की माणूस दुरुस्त करेल, असं मी धरून चालले होते. इथं चूक कुणाचीच नव्हती. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

तिघींना काढलं. कुणाला काढायचं ते मला विचारलं गेलं, मी सांगितलं नाही, तेव्हा त्यांनी शेवटी लागलेल्या तिघींची नावं स्वतःच काढली. त्यातली एक जाताना माझ्या टेबलाशी आली आणि "येतंय हां, ताई," एवढंच म्हणाली.

पुढं काय होणार ते मला आधीच माहीत होतं, आणि सगळं त्याच क्रमानं झालं. तीन मिनिटं थांबून वैतागलेला माणूस फोन ठेवतो आणि परत लावतो. म्हणजे चाळीसचे पन्नास होतात. ज्याला शेवटी माणूस भेटतो, तो पहिलं मिनिट भांडतो. म्हणजे सहा मिनिटांची सात होतात. पन्नास सत्ते साडेतीनशे. जवळजवळ सहा तासांचं काम, आणि खुर्चीत पाच जणी. रांग मग दुपार होऊन फोन ओसरेपर्यंत संपतच नसे. समोरच्या पडद्यावर थांबलेल्यांचा आकडा असायचा. पोरींनी त्याच्याकडे बघणं सोडून दिलं.

वरून सूचना आली, फोन लवकर आटपा. पोरींनी आटपले. सरासरी खाली आली, मुंबईहून कौतुकाचा मेल आला, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक तीच तक्रार घेऊन पुन्हा रांगेत. टीचर मात्र लवकर आटपत नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळा मेल आला. मी तो त्यांना दाखवला नाही.

मग एका सकाळी देवगडकडची लाईट गेली होती. लाईट गेली की मशीन ओरडायला लागतं, सिलिंडर जोडावा लागतो, आणि घरात दिलेला सिलिंडर कसा उघडायचा ते ऐन वेळी कुणालाच आठवत नाही. अशा वेळी फोन एकेक करून येत नाहीत, अख्खा तालुका एकदम येतो. आमची एक बाई रजेवर होती, एकीला तापानं बसवेना म्हणून ती आतल्या बाकावर पडली होती. चार जणी फोनवर. मी स्वतः हेडफोन लावून पाचवी बसले. मला कामाची नीट माहितीही नव्हती, समोर कागद ठेवून वाचून सांगत होते.

टीचर माझ्या शेजारी होत्या. त्यांनी एक फोन घेतला, नेहमीसारखा शांत आवाजात. "नमस्कार, बोला. काय झालां?"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. टीचर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दादा, सिलिंडर आसा काय घरात? मी सांगतंय तसा करा." मग पलीकडून फोन ठेवला गेला असावा, कारण त्यांनी दोनदा "दादा, दादा" म्हटलं.

मी माझा फोन आटपून त्यांच्याकडे वळले.

"काय म्हणाला?"

"आवशीसाठी लावलेलो फोन," टीचर म्हणाल्या. "म्हणता, आता नको."

"आता नको म्हणजे?"

"तेवढाच म्हणालो. आता नको. आणि ठेवलान."

मी पडद्यावर पाहिलं. आईसाठी फोन करणारा तो माणूस अकरा मिनिटं रांगेत होता. मी त्या नंबरवर फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, बंद. लाईट आली म्हणून नको झाला असेल. शेजाऱ्यानं सिलिंडर जोडून दिला असेल. अशी पुष्कळ कारणं असू शकतात, आणि ती सगळी मी त्या दिवसात मनाशी म्हणून पाहिली.

तिकीट बंद करताना कारण निवडावं लागतं. ठरलेली पाच-सहा कारणं आहेत, त्यातलंच एक. टीचरांनी ती यादी दोनदा वाचली. मागं रांग होती. शेवटी त्यांनी 'ग्राहकाने तक्रार मागे घेतली' हे निवडलं. दुसरं काही लागूच पडत नव्हतं. त्या फोनला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. सहा मिनिटांच्या आत बंद झालेलं टीचरांचं त्या दिवसातलं ते पहिलं तिकीट.

मी साहेबांना सगळं लिहून कळवलं. त्या घरी कुणाला तरी पाठवा, असंही लिहिलं. त्यांनी लगेच फोन केला. आवाज पडलेला होता.

"बाई गेली असं कुठं नोंदलेलं आहे का?"

"नाही."

"मग तू असं लिहू नकोस. काय झालं ते आपल्याला माहीत नाही."

"तेच लिहिलंय सर. माहीत नाही, असंच."

"मी वर पाठवतो," ते म्हणाले. पाठवलंही असेल. उत्तर आलं नाही. महिनाभरानं भाड्याची मुदत संपली असं दाखवून ते मशीन परत आलेलं यादीत दिसलं. त्यावरूनही काही कळत नाही. बरी झालेली माणसंही मशीन परत करतात.

टीचरांनी त्या फोनच्या आठवड्यातच काम सोडलं. रागावून नाही. म्हणाल्या, "फोन वाजलो की माझे हात थंड पडतत गो." मग खुर्चीत चारच उरल्या. उद्दिष्ट महिन्यामागून महिने हुकत राहिलं, आणि उद्दिष्ट पाळता येत नाही हे कारण दाखवून कंपनीनं आमचं सेंटर बंद केलं. आता कंपनीला फोन लावला तर आधी यंत्र बोलतं, हिंदीत.

टीचर मला नंतर एकदाच भेटल्या, मालवणला, मासळी बाजाराच्या बाहेर. इकडचं तिकडचं बोलणं झालं. बाबांचं विचारलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाल्या, "मी त्या नंबरार फोन केल्लंय. घरातल्या फोनवरसून."

"मग?"

"एका बाईन उचललान. हॅलो, कोण, हॅलो, म्हणत रवली. माका बोलूकच जमला नाय. ठेवलंय."

"म्हातारी वाटली?"

"आवाजावरसून काय कळता? माका कळला नाय."

 त्यांची बस लागली होती. मी त्यांची पिशवी वर चढवून दिली.

साहेबांच्या ओळखीनं मला घरबसल्या तेच काम मिळालंय. एका विमा कंपनीचं आहे. बाबांची औषधं चालू आहेत, नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्यात वाईट तास धरून मी माणसांचा आकडा काढते आणि पाठवते. परवा नऊ मागितली. सहा मंजूर झाली.