अधूनमधूनचं पाकीट

लातूरच्या औसा रोडमागच्या त्या चाळीत अयोध्याबाईची पाकिटं प्रसिद्ध होती. कुणाच्या घरी सिलिंडर अचानक संपलं, कुणाच्या पोराची फी तटली, की बायका हमखास म्हणायच्या, "अयोध्याकडं जा, ती पाकीट लावून देईल." ती पैसे देत नसे, पाकीट लावून देत असे. जुन्या लग्नपत्रिकांची तीन पाकिटं, वर पेन्सिलीनं नावं, आणि समोर बसवून हिशेब.

तिचं स्वतःचं गणित तोंडपाठ होतं. नवरा भागवत एका खासगी दवाखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली वॉचमन. पगार सोळा हजार, दर महिन्याच्या सात तारखेला बँकेत. तो एटीएममधून काढून आणी आणि तिच्या हातात देई. त्यातले बारा हजार साडेतीनशे 'घर'च्या पाकिटात. भाडं, किराणा, दूध, लाइट बिल सगळं त्यातूनच. पंधराशे 'साठ्या'च्या पाकिटात. ते तिथं दोन दिवससुद्धा थांबत नसत. पोस्टातल्या आवर्ती खात्यात तिच्या नावानं जात. उरलेले दोन हजार दीडशे तिसऱ्या पाकिटात. त्यावर तिनं लिहिलं होतं, 'अधूनमधून'.

शेजारची दानम्मा निलंग्याकडची. तिला पहिल्यांदा या तिसऱ्या पाकिटाचं हसू आलं होतं.

"अगं, महिन्याला आला पगार, महिन्याला खाल्ला. हे अधूनमधून म्हणजे काय गं? पाहुणा हाय का कोण?"

"पाहुणाच हाय, पण न सांगता येणारा न्हाई," अयोध्या म्हणाली. "दिवाळी दरसाल येती, का न्हाई? ती काय अवचित येती का? तरी आपण दरसाल उधारी करतो. दिवाळीचे चार हजार, आहेराचे तीन, उन्हाळ्यात टँकरचे चोवीसशे, ह्यांच्या गाडीचा विमा अन् दुरुस्ती मिळून चोवीसशे, शिल्पाची फी चौदा हजार. बेरीज कर अन् बारानं भाग."

दानम्माला भागाकार येत नव्हता. अयोध्यानं करून दाखवला. दोन हजार दीडशे, बरोबर. तेव्हापासून दानम्माच्या घरातही तीन पाकिटं झाली.

अयोध्या सातवी शिकलेली, माहेर मुरुडचं. माहेरची एक सवय तिनं सोबत आणली होती. भाकरी टोपल्यात पडली की मोजायची नाही. कणगीतली ज्वारी उरली किती ते वाकून बघायचं नाही. मोजलं की बरकत जाते. पाकिटांनाही तिनं हाच नियम लावला. पैसे टाकताना आणि काढताना पाठीवर पेन्सिलीनं आकडा लिही, जुना खोडून नवा मांडी. पण आतल्या नोटा पुन्हा मोजत नसे. आकडा लिहिलेला आहे, घरात बाहेरचं कुणी नाही, मग मोजायचं कशाला? पाकिटं पिठाच्या डब्यामागं उघडीच असत. रबर तेवढं लावलेलं.

शिल्पा, तिची एकुलती एक मुलगी, नांदेडला नर्सिंगच्या कॉलेजात. पहिलं वर्ष झालेलं. दुसऱ्या वर्षाची फी सप्टेंबरच्या मध्यात भरायची, शेवटचा दिवस शुक्रवार. शिल्पा मंगळवारी रात्री पैसे न्यायला आली. बुधवारी सकाळी भागवत ड्यूटीवर गेल्यावर अयोध्यानं पिठाचा डबा सरकवला. पाकिटाच्या पाठीवर लिहिलं होतं, पंधरा हजार आठशे पन्नास. नोव्हेंबरपासून अकरा महिन्यांचे तेवीस हजार सहाशे पन्नास. त्यातून टँकर, आहेर, गाडी वजा. फी देऊनही अठराशे पन्नास उरत होते, ऑक्टोबरची भर पडली की दिवाळीचे चार हजार नेमके तयार.

"घे," ती म्हणाली. "चौदा काढून घे."

"मम्मी, मोजून दे की."

"लिहिलंय ना वर."

"कॉलेजात काउंटरवर मोजतात. तिथं कमी भरले तर सगळ्यांसमोर हाकलून देतात." शिल्पानं रबर काढलं.

वरच्या चार नोटा पाचशेच्या होत्या, या महिन्याच्या. खाली एक शंभराची, एक पन्नासाची. त्याखाली सगळ्या शंभराच्या. आणि अगदी तळाशी पुन्हा दोन पाचशेच्या. शिल्पानं दोनदा मोजल्या. मग आईकडं बघितलं.

"मम्मी, पाच हजार साडेतीनशे हायेत."

"पंधरा म्हण."

"पाच."

अयोध्यानं नोटा हातात घेतल्या. बरकतीचं तिच्या डोक्यातही आलं नाही. सहा पाचशेच्या, तेवीस शंभराच्या, एक पन्नासाची. साडेदहा हजार कमी. तिनं जमिनीवर बसूनच पिठाचा डबा, डाळीचे डबे, देव्हाऱ्यामागचा कप्पा सगळं उलथंपालथं केलं. शिल्पा म्हणाली, "चोरी झाली असंल." अयोध्याला ते पटेना. चोर शंभराच्या नोटा ठेवून जात नाही. महिन्याला एखादी सोडली तर तिनं पाकिटात शंभराच्या नोटा ठेवल्याच नव्हत्या. ही जाडी कुणीतरी भरलेली होती.

भागवत दुपारी जेवायला आला. तिनं पाकीट ताटाशेजारी ठेवलं. त्यानं एक घास तोडलेला तसाच ठेवला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मार्चपासून," तो म्हणाला. त्याला खोटं बोलताच आलं नाही, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. "ठेकेदार बदलला. नवा म्हणला, साडेचौदा देतो, परवडंल त्यानं ऱ्हावं. पंधराशे कमी केले."

"मग?"

"मग काय. तुझं गणित लागलेलं हुतं सगळं. म्हणलं, कामून बिघडवायचं. पुढच्या महिन्यात वाढवून घेतो म्हणलं. आज सांगू, उद्या सांगू, असंच करून राहिलो."

शिल्पाला अजून कळलं नव्हतं. "पण पप्पा, तुम्ही तर दर महिन्याला सोळा हजार आणून देत होता."

भागवतनं ताट बाजूला सरकवलं. अयोध्याच्या मात्र ध्यानात सगळं एकदम आलं. दर सहा तारखेला तिच्याच पाकिटातले पंधराशे निघत. सात तारखेला ते पगारात मिसळून तिच्या हातात येत. ती त्या सोळा हजारांच्या तीन वाटण्या करी, त्यातले दोन हजार दीडशे पुन्हा त्याच पाकिटात टाकी आणि पाठीवर आकडा वाढवी. सात महिने ती आपलेच पैसे आपल्याला वाटून देत होती. आणि हा समोर बसून चहा पीत, "लक्ष्मी हाय माझी," असं म्हणत होता.

"शंभराच्या कुठून आणल्या?" तिनं विचारलं.

हा प्रश्न त्याला नको होता. "दवाखान्याच्या क्यांटिनमधून."

"कामून?"

त्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग म्हणाला, "पाकीट पातळ लागत हुतं. तुझ्या हाताला कळलं असतं. जूनपासून तुला त्यातलं काढायचं न्हवतं, म्हणून... वरखाली पाचशेच्या ठिवल्या."

पगार कमी झाला हे तिनं पचवलं असतं. लाजेपोटी सांगितलं नाही, हेही एखाद्या दिवशी पचवलं असतं. पण क्यांटिनच्या गल्ल्यासमोर उभं राहून पाचशेची नोट मोडून घेणारा, मग घरी येऊन तिच्या हाताची सवय लक्षात ठेवून नोटांचे थर रचणारा माणूस तिला ओळखीचा वाटेना.

"मार्चात सांगितलं असतं तर मी आहेराचं निम्मं केलं असतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "दूध अर्धा लिटर केलं असतं. गणित साडेचौदावर लावलं असतं. माझं गणित तुमच्या पगारासाठी हुतं ओ, तुमचा पगार माझ्या गणितासाठी न्हवता."

"चूक झाली."

"चूक मार्चात झाली. शंभराच्या नोटा म्हणजे चूक न्हाई."

तो न जेवता निघून गेला. शिल्पा रडत होती. "मी यंदा सोडते कॉलेज," ती म्हणाली.

"गप बस. ते कोण विचारून राहिलंय तुला?"

गुरुवारी सकाळी मायलेकी पोस्टात गेल्या. आवर्ती खात्याला वीस महिने झाले होते, तीस हजार भरलेले. काउंटरवरच्या बाबूनं सांगितलं की बारा हप्ते आणि एक वर्ष पुरं झालेलं असलं की भरलेल्या रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. खातं मोडायची गरज नाही, पण महिन्याचा हप्ता चुकवायचा नाही आणि कर्जावर व्याज लागंल. अयोध्यानं नऊ हजारांचा अर्ज केला. सही करताना तिला पहिल्यांदाच आपली सही वाकडी वाटली. पाकिटातले पाच हजार साडेतीनशे आणि हे नऊ हजार मिळून चौदा हजार साडेतीनशे. शिल्पानं चौदा मोजून घेतले आणि दुपारची नांदेडची गाडी पकडली. शुक्रवारी अकरा वाजता पावतीचा फोटो दानम्माच्या फोनवर आला.

दानम्मानं फोन देताना विचारलं, "फीचं झालं म्हण की. तुझी पाकिटं हायेत, तुला कसली चिंता!"

अयोध्याला सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही. पण दानम्माच्या घरात तिच्या शब्दावर तीन पाकिटं होती. दानम्माचा नवराही पगार हातात आणून देत होता. ती एवढंच म्हणाली, "पाकिटातलं मोजत जा गं मधूनमधून."

"तूच म्हणलीस बरकत जाती."

"मी म्हणले हुते," अयोध्या म्हणाली आणि घरात गेली.

पुढचे तीन आठवडे घरात कामापुरतं बोलणं होत होतं. भागवतनं तंबाखू सोडली, गाडी उभी करून चालत ड्यूटीला जाऊ लागला. ती ते बघत होती. नवं गणित तिनं वहीच्या मागच्या पानावर मांडलं. साडेचौदामधून पोस्टाचा हप्ता पंधराशे, कर्जफेडीचे आठशे, अधूनमधूनचे दोन हजार दीडशे. घराला राहतात दहा हजार पन्नास. म्हणजे आधीपेक्षा तेवीसशे कमी. दिवाळी अडीच हजारात. आणि हे सगळं पगार खरंच साडेचौदा असेल तरच. ती या 'तरच'पाशी बराच वेळ अडकून राहिली.

सात ऑक्टोबरला भागवत संध्याकाळी लवकर आला. एटीएमची चिठ्ठी, बँकेचं पासबुक आणि नोटा त्यानं तिच्यासमोर ओळीनं ठेवल्या. पासबुकात शिक्का ताजा होता.

"साडेचौदा," तो म्हणाला. "बघ. मोज."

तिनं पासबुकाला हात लावला नाही. नोटा मात्र मोजल्या, आणि पाकिटांत भरू लागली.

"पासबुक तरी बघ की."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "दुपारी मन्मथला फोन केला हुता. तुमच्या सुपरवायझरला."

भागवतच्या कानापर्यंत रंग चढला. "त्याला काय विचारलंस? सगळ्या दवाखान्यात होईल आता. माझा काही भरोसा न्हाई का तुला?"

तिनं घराच्या पाकिटावर रबर चढवलं. उत्तर तिला खरंच शोधावं लागलं. आज तो खरं बोलत होता. पैसाही पुरा होता. पण ते खरं तिच्यापर्यंत दुपारीच परक्या माणसाकडून पोचलं होतं, आणि आता त्याच्या तोंडून ऐकताना तिला काहीच वाटलं नव्हतं.

"पुढच्या महिन्याला बी विचारशील का?" त्यानं हळूच विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "पाय धुवून घ्या. भाकरी टाकते."