बंद होणारी लिंक

नवरा गेल्यावर आठवडाभराने त्याच्या मोबाईलवर ईमेल आला. द्राक्षांवरच्या भुरी रोगाविषयी त्याने ऐकलेल्या वेबिनारचं रेकॉर्डिंग आयोजकांनी पाठवलं होतं. लिंक उद्या बंद होणार होती.

मी ती उघडली, ईमेलमधला पासकोड टाकला. शेवटी प्रश्नोत्तरांत त्याचा आवाज आला, "सर, तासगावहून बोलतोय." प्रश्न विचारून तो माईक बंद करायला विसरला होता. "अगं, चहा टाकतीस का?" त्याने हाक मारली, आणि लांबून माझाच आवाज आला, "आले, आले."

डाउनलोडचं बटण मात्र कुठंच दिसेना. मी आयोजकांना फोन लावला, नवरा गेल्याचं, त्यात त्याचा आवाज असल्याचं सांगितलं. ते म्हणाले,

"वहिनी, डाउनलोड आम्हीच बंद ठेवलं होतं. आता चालू करतो. पान पुन्हा उघडा."

पान पुन्हा उघडलं, तर बटण आलेलं होतं. फाईल मोठी होती आणि आमच्या मळ्यातल्या घरी रेंज कमी. मी लॅपटॉप घेऊन गावात बहिणीकडे गेले, तिच्या वायफायवर ती उतरवली. नेट बंद करून चालवून पाहिली, पेनड्राइव्हवरही घेतली.

दुसऱ्या दिवशी लिंक बंद झाली. आता संध्याकाळी घरात एकटीच असते तेव्हा मी ती फाईल लावते. तो चहा मागतो. रेकॉर्डिंगमधली मी उत्तर देण्याआधीच माझ्या तोंडून "आले" निघून जातं आणि मी खरंच उठून उभी राहते.