गल्ला आणि घराचा डबा

दुकानातली साखर घरी नेली, तर तो खर्च कोणाचा, दुकानाचा की घराचा?

ठाण्याच्या कचेरीसमोर माझ्या वडिलांचे चहाचे दुकान होते. गिऱ्हाईक भरपूर, तरी दूधवाल्याचे पैसे थकत. "धंदा तोट्यात आहे, बंदच करतो," असे वडील म्हणू लागले. घरचे तांदूळ, आत्याचे लुगडे, सारे त्याच गल्ल्यातून येई. मी हट्टाने दोन डबे केले: एक दुकानाचा गल्ला, दुसरा घराचा. दूध, साखर, कोळसा यांचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरलेल्यातून ठरलेली रोजी घराच्या डब्यात टाकायची आणि गल्ल्याला हात लावायचा नाही.

दूधवाल्याचे देणे फिटले. दुकान तोट्यात नव्हतेच! पण घराचा डबा महिना सरण्याआधीच रिकामा झाला.

"दुकान वाचवलंस रे," आई म्हणाली. "आता चुलीवर काय, तुझा हिशेब शिजवू?"

वडिलांनी गल्ल्यात हात घातला आणि तसाच मागे घेतला. "हे उद्याच्या दुधाचे," ते पुटपुटले.

दोन्ही डबे खरे बोलत होते आणि माझ्याजवळ तिसरा नव्हता.

वाचकहो, हिशेब वेगळे कराच. पण घराची रोजी ठरवण्याआधी घर चालवणाऱ्या बाईला विचारा.