अर्ध्या बिलांची गाडी

राखोलीच्या आमच्या सुताच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. त्या दिवशी इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्याची गाडी भरून उभी होती आणि आमच्या गुजराती मॅनेजरनी गेटपास अडवला. त्यांनी स्वतः बनवलेल्या एक्सेलमध्ये त्या पार्टीची सगळीच बिलं अर्धी थकलेली दिसत होती.

"बेन, पार्टी खोटी छे," ते म्हणाले. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं फोनवर ज्यांच्याशी बोलते, ते असे नाहीत.

तेवढ्यात त्यांचाच फोन. "ताई, पैसं दिल्यात की ओ! शेवटचं सूत मागावर चढलंय, उद्यापासनं माग बंद पडतील. कामगारांना काय सांगू?" आवाज रडवेला झाला होता.

मॅनेजरना म्हटलं, "जेवून येईपर्यंत थांबा. नंतर काय ते ठरवा." ते डबा घेऊन गेले आणि मी फाईल उघडली.

एका शीटवर बिलं, दुसऱ्यावर बँकेत आलेले पैसे, प्रत्येक रकमेपुढे बिल नंबर. मध्ये बिल नंबरावरून रक्कम शोधून आणणारा व्हीलूकअप. फॉर्म्युला तसा बरोबर होता, अचूक जुळणीसाठी शेवटी फॉल्सही लिहिलेलं. मग अर्धेच का? एक बिल नंबर घेऊन पैशांच्या शीटवर फिल्टर लावला, तर ओळी निघाल्या दोन! अगं बाई! ही पार्टी अर्धे पैसे गाडी पोचल्यावर देते आणि उरलेले सूत मागावर चालवून बघितल्यावर. त्यांची पद्धतच ती, आमच्या मालकांनी मान्य केलेली. आणि व्हीलूकअप पहिली ओळ सापडली की थांबतो, खाली दुसरी आहे की नाही ते बघतच नाही.

व्हीलूकअप काढून सम-इफ लावला. बिल नंबर जिथे जिथे असेल तिथली रक्कम बेरजेत घे, एवढंच. फॉर्म्युला खालपर्यंत ओढला आणि थकबाकीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य! उरलं फक्त परवाचं बिल, त्याचं सूत आत्ता कुठे मागावर होतं. मी खुर्चीतच टाळी वाजवली.

मॅनेजर हात पुसत आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी दोन-तीन बिलं स्वतः फिल्टर लावून पाहिली. मग गेटवर फोन केला, "गाडी छोडो."

"आता पार्टीलाही लावा," मी म्हटलं. "खोटी कोण म्हणालं होतं?"

माझ्याकडे रागाने बघत त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. "सेठ, भूल आमची होती. तुमचा हिशेब चोख आहे."

पलीकडे मागांचा खडखडाट चालू होता. त्यातूनच ते म्हणाले, "ते राहू द्या साहेब. गाडी निघाली का?"

"निघाली!" मॅनेजरच्या आधी मीच ओरडले.